72 तास पाणी भरून थेंब नाही, पावसात मात्र गळती: गच्चीवरची बारीक छिद्रं विजेने शोधण्याचा कुणाला अनुभव?

पागोळी (3 मे, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला आमची 22 वर्षं जुनी इमारत आहे, तळमजला अधिक चार. गच्ची साधारण 3400 चौरस फूट. यंदा सोसायटीची सचिव मी आहे आणि राहतेही चौथ्या मजल्यावर, त्यामुळे हे दुखणं दोन्ही बाजूंनी माझंच.

मागच्या मे महिन्यात जुना ब्रिकबॅट कोबा फोडून काढला. स्लॅब धुतला, उतारासाठी सिमेंटचा नवा थर दिला आणि त्यावर पीयूचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलीयुरेथेनच्या लेपाचे, दोन हात मारून घेतले. सुकल्यावर दीड मिलिमीटर जाडी भरेल असं ठरलं होतं. जूनच्या सुरुवातीला आऊटलेट बंद करून 48 तास पाणी भरलं. खाली एक थेंब नाही. ऑगस्टमध्ये सलग पाच-सहा दिवस पाऊस लागला आणि माझ्या झोपायच्या खोलीत, पंख्याच्या हुकापाशी, पाणी टपकायला लागलं. शेजारच्या फ्लॅटमध्ये भिंतीला पोपडे आले.

दिवाळीनंतर परत पाणी भरलं, या वेळी 72 तास. पुन्हा काही नाही. ठेकेदार म्हणाला, बघा, काम चोख आहे. पाणी सोडून दिलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी हुकापाशी ओल आली, पण तोवर त्याने हात झटकले होते आणि कमिटीनेही विषय मिटवला होता. गच्चीवर गुडघ्यांवर बसून आम्ही इंच न् इंच पाहिला. फाटलेलं, उचललेलं, फुगलेलं काही दिसत नाही.

आता कुणीतरी सुचवलं की वीज सोडून छिद्रं शोधायची एक पद्धत असते. ती खरंच चालते का? पावसाला महिना उरलाय. कुणी करून घेतलं असेल तर सविस्तर लिहा.

---

कोबाकार (3 मे, रात्री 10:25)

ताई, पंचवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. 72 तास पाणी थांबलं आणि खाली आलं नाही, म्हणजे गच्चीचा मधला भाग ठीक आहे. पाणी आत शिरतंय ते वाट्यातून, म्हणजे पॅरापेट आणि गच्ची मिळतात तिथल्या गोलसर कडेतून, पाईपच्या बुडातून, नाहीतर सोलरच्या स्टँडच्या बोल्टमधून. पाणी भरताना तुम्ही दोन-तीन इंच भरता. वाटा त्याच्या वर सहा-आठ इंच चढलेला असतो. तो भाग पाण्याखाली जातच नाही, पण पावसात भिजतो. आधी तो बघा.

आणि मशीन आणायचंच असेल तर थर्मल कॅमेरा आणा. संध्याकाळी खालून छताचा फोटो काढला की ओल कुठे आहे ते लगेच दिसतं. विजेबिजेची भानगड कशाला? त्यातूनही शंका राहिली तर पीयूचा अजून एक हात सगळीकडे मारा, बारीक छिद्रं असतील ती बुजून जातील.

---

ओळंबा (3 मे, रात्री 11:50)

कोबाकार, वाट्याचं तुमचं अगदी बरोबर आहे. पाण्याच्या पातळीच्या वरचं काहीच या परीक्षेत तपासलं जात नाही. पण मधला भाग ठीक आहे हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि कारण ताईंनीच लिहून ठेवलंय: पाणी सोडल्यावर चार-पाच दिवसांनी ओल आली.

बारीक छिद्रातून पाणी धो धो जात नाही, झिरपतं. खाली उताराचा कोरडा सिमेंट थर आहे. तो आधी स्वतः पाणी पितो. तो भिजला की पाणी त्याच्या आणि स्लॅबच्या मधून उताराकडे सरकतं आणि स्लॅबमध्ये जिथे वाट सापडेल तिथे उतरतं. पंख्याच्या हुकापाशी येण्याचं कारण बहुतेक वेळा स्लॅबमधला वायरिंगचा पाईप असतो. पाणी त्या पाईपात शिरतं आणि थेट पंख्याच्या डब्यात उतरतं. या सगळ्या प्रवासाला 72 तास पुरतीलच असं नाही. अमेरिकेत पाणी भरून तपासण्याचं जे मानक आहे, एएसटीएमचं डी 5957, त्यातही मुदत 24 ते 72 तासांचीच आहे. पावसात मात्र पाणी आठवडाभर हटत नाही.

दुसरी अडचण अशी की पाणी खाली आलं तरी छिद्र वर कुठे आहे हे कळत नाही. थर्मल कॅमेऱ्याचंही तेच. तो ओल दाखवतो, भोक दाखवत नाही. ओल भोकापासून पंधरा फुटांवर असू शकते.

ताई, दोन गोष्टी सांगा. पीयू थेट सिमेंटवर आहे की मध्ये कुठे जुनं डांबरी शीट, थर्माकोल, प्लॅस्टिक राहिलंय? आणि पीयू दिवसा कधी मारलं होतं?

---

नाना_डोंबिवली (4 मे, सकाळी 7:15)

आमच्याकडेही गच्चीवर विजेची गळती आहे. टाकीच्या पंपाजवळ ओल्या पायांनी गेलं की झिणझिण्या येतात. हे मशीन ती शोधून देईल का? भाडं किती पडतं?

---

ओळंबा (4 मे, सकाळी 7:40)

नाना, धागा पाण्याच्या गळतीबद्दल आहे, वीज फक्त शोधायला वापरतात. पण तुमचं प्रकरण याहून तातडीचं आहे. आज पंपाचा मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग आणि ईएलसीबी दोन्ही तपासायला सांगा. तोवर कुणालाही तिकडे जाऊ देऊ नका.

---

पागोळी (4 मे, सकाळी 9:05)

ओळंबा, वॉचमनची वही काढून पाहिली. मजूर कधी आले-गेले हे त्यात लिहिलंय. पूर्वेकडची बाजू सकाळी नऊ ते बारा अशी दोन दिवस चालली. मग माझ्या सासऱ्यांनी ऊन फार आहे म्हणून त्यांना चारनंतर यायला सांगितलं, त्यामुळे पश्चिमेकडची बाजू संध्याकाळी झाली.

पीयू सिमेंटवरच आहे. पाण्याच्या टाकीच्या चहुबाजूंनी मात्र कोबा फोडता आला नव्हता. तिथे जुनं डांबरी शीट तसंच ठेवून त्यावरच पीयू मारलंय. साधारण 300 चौरस फूट असेल.

---

ओळंबा (4 मे, रात्री 10:30)

दोन्ही उत्तरं फार कामाची आहेत. वेळ मिळाला म्हणून नीट लिहितो.

आधी छिद्रं का पडतात ते. सिमेंटच्या थराच्या पोटात हवा असते. सकाळी ऊन चढायला लागलं की थर तापतो, हवा फुगते आणि वर यायला बघते. त्याच वेळी वर ओलं पीयू असेल तर हवेचा बुडबुडा त्यातून वर येतो आणि फुटतो. पीयू अजून पातळ असेल तर भोक मिटून जातं. घट्ट होत आलं असेल तर टाचणीच्या टोकाएवढं भोक तसंच राहतं. संध्याकाळी थर निवत असतो, हवा आत ओढली जाते, म्हणून त्या वेळी मारलेल्या भागात हे फारसं होत नाही. प्रायमर नीट भरला नसेल तर त्रास वाढतो. तुमच्या गच्चीचा पूर्वेकडचा भाग मला म्हणूनच संशयास्पद वाटतो.

आता शोधायचं कसं. तत्त्व साधं आहे. पीयूतून वीज जात नाही, खालच्या काँक्रीटमधून जाते, कारण त्यात थोडी ओल असते आणि सळया असतात. वर एक टोक, खाली सळईला दुसरं टोक. मधलं आवरण अखंड असेल तर वीज वाहणार नाही. जिथे वाहिली तिथे भोक आहे. हे दोन प्रकारे करतात.

पहिला ओला प्रकार. गच्चीवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहील इतकंच शिंपडायचं, भरायचं नाही. कडेने उघडी तार गोल फिरवून अंथरायची. तारेत दर काही सेकंदांनी कमी दाबाचा झटका सोडतात, साधारण 40 व्होल्टचा. भोक असेल तर पाण्यातून चारी दिशांनी वीज त्या भोकाकडे धावते. माणसाच्या हातात दोन काठ्या असतात आणि गळ्यात काटा असलेलं मीटर. काठ्या पाण्यात टेकवल्या की काटा ज्या काठीकडे झुकतो त्या बाजूला सरकायचं. भोक ओलांडून पुढे गेलात की काटा उलट फिरतो. मग काटकोनात वळून पुन्हा तेच. शेवटी दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे खडूने खूण. एका पोडियम बागेवर मी हे उभं राहून पाहिलंय. काठीचं टोक जिथे थांबलं तिथे बोटाने चाचपूनही काही लागलं नाही, ब्लेडने कापल्यावर केसाएवढी वाट दिसली.

दुसरा कोरडा प्रकार. पृष्ठभाग पूर्ण कोरडा पाहिजे, दवसुद्धा नको. तांब्याच्या तारांचा रुंद ब्रश असतो, त्यात काही हजार व्होल्ट असतात, करंट मात्र अगदी किरकोळ. झाडू मारल्यासारखा ब्रश फिरवत जायचं. भोक आलं की त्यातल्या हवेतून ठिणगी खाली उडी मारते आणि मशीन वाजतं.

तुमच्या गच्चीला दुसरा प्रकार बरा. उघडं पीयू आहे, टाचणीची भोकं सरळ खाली जातात आणि वाट्याच्या उभ्या भागावरही ब्रश चालतो. ओल्या प्रकारात उभ्या भागावर पाणी थांबत नाही. हेच जर डांबरी शीट असतं तर मी उलट सांगितलं असतं. शीटच्या जोडात बिघाड असला तर पाणी चार इंच आडवं सरकून मग खाली जातं. ठिणगी चार इंच आडवी जात नाही, पाण्याबरोबर वीज मात्र जाते.

---

टोरांटोकर (5 मे, पहाटे 4:20)

माहेर ठाण्याचं, गेली चौदा वर्षं इकडे टोरांटोत छतांच्याच कामात आहे. इथे महापालिकेने 2009 साली मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत सक्तीचं केलं. वर माती-झाडं टाकल्यावर भोक शोधणं म्हणजे सगळं उकरणं, म्हणून माती टाकण्याआधी ही तपासणी करून घेण्याची पद्धत इथे चांगली रुळली आहे.

ओळंबांच्या लिखाणाला एक जोड देते. खाली वीज वाहून नेणारा थर असेल तरच हे सगळं चालतं. इथल्या छतांत आवरणाच्या खाली इन्सुलेशन असतं आणि त्यातून वीज जात नाही. मग भोक असूनही मशीन गप्प. त्यासाठी आवरणाच्या अगदी खाली धातूची जाळी किंवा वीज नेणारं कापड बांधकामाच्या वेळीच घालावं लागतं. नंतर घालता येत नाही. आणि काळं ईपीडीएम रबर असेल तर त्यातला कार्बन स्वतःच वीज नेतो, त्यामुळे मशीन सगळीकडेच भोक दाखवतं.

पागोळी, तुमच्या टाकीभोवतीच्या त्या 300 फुटांकडे लक्ष ठेवा. खालचं डांबरी शीट तिथे इन्सुलेशनसारखंच वीज अडवणार आणि भोक असूनही मशीन गप्प राहणार. तपासणारा माणूस काम सुरू करण्यापूर्वी मुद्दाम एक भोक पाडून दाखवतो का ते विचारा. दाखवत नसेल तर त्याला घेऊ नका.

---

मडगावकर (5 मे, दुपारी 1:10)

आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, गोव्यातल्या पावसाला दुसरा इलाज नाही. शेडचे 24 लोखंडी खांब बेसप्लेटने स्लॅबला बोल्ट केलेत आणि त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग फिरवलंय. वाऱ्याने पाऊस आडवा येतो आणि तीन खोल्यांत गळतं. आम्हाला याचा उपयोग होईल का?

---

ओळंबा (5 मे, रात्री 9:15)

मडगावकर, अर्धवट होईल. प्रत्येक खांब बोल्टमधून स्लॅबला जोडलेला आहे, म्हणजे विजेच्या दृष्टीने प्रत्येक खांब म्हणजे एक मोठं भोकच. ओल्या प्रकारात काटा सगळीकडे खांबांकडेच झुकेल. उपाय म्हणजे प्रत्येक बुडाभोवती तारेची वेगळी कडी टाकून ते वगळायचं आणि मधली जागा तपासायची. 24 कड्या म्हणजे मेहनत आहे, पण होतं. मात्र वगळलेल्या कडीच्या आत, बेसप्लेटच्या खाली काय चाललंय हे कुठल्याच प्रकाराने कळणार नाही, आणि तुमचं पाणी बहुधा तिथूनच जातंय. मी असतो तर दोन-तीन बेसप्लेट उचकटून आधी बघितल्या असत्या.

टोरांटोकर ताईंचा मुद्दा लाखमोलाचा. मुद्दाम पाडलेल्या भोकाशिवाय तपासणी म्हणजे काट्याशिवायचा तराजू.

---

पागोळी (17 मे, रात्री 10:05)

काल तपासणी झाली. पुण्यातलाच एक माणूस मिळाला, कारखान्यांतल्या टाक्यांची अस्तरं तपासतो, गच्ची त्याने याआधी थोड्याच केल्या आहेत. दिवसभर त्याच्यासोबत होते, जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी दव होतं, म्हणून साडेनऊपर्यंत थांबलो. त्याने सगळ्यांना आधी विचारलं की कुणाला पेसमेकर आहे का. आमच्या अध्यक्षांना आहे, त्यांना खाली पाठवलं. पंप बंद करायला लावला, टाकीकडे जाणारी वायर काढून ठेवली.

मग त्याने जमिनीचा चिमटा जिन्याच्या रेलिंगला लावला. मी टोरांटोकर ताईंचं ऐकून भोक पाडून दाखवायला सांगितलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात त्याने तापवलेल्या बारीक सुईने पीयूत आरपार भोक पाडलं, ब्रश फिरवला. काही नाही. व्होल्टेज वाढवलं, तरी काही नाही. मग त्याच्याच लक्षात आलं की रेलिंगला ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत आणि ते नंतर बांधलेल्या विटांच्या भिंतीत बसवलंय, स्लॅबला लागतच नाही. आमच्या जिन्याच्या माथ्यावर कॉलमच्या सळया बाहेर आलेल्या आहेत. एका सळईचा गंज पॉलिश पेपरने घासून चिमटा तिथे लावला. आता 4 हजार व्होल्टला शांत, 5 हजारला कधी वाजे कधी नाही, 6 हजारला दर वेळी टक् असा आवाज आणि मशीनची शिट्टी. त्याने 7 हजारवर काम करायचं ठरवलं. भोक तिरकं असेल तर हवेतलं अंतर वाढतं, म्हणून थोडं वर. आणि फार वर नको, कारण जिथे पीयू पातळ लागलंय तिथे ठिणगी स्वतःच नवं भोक पाडेल. उन्हात ठिणगी डोळ्यांना दिसत नाही. कानावरच काम.

मुद्दाम ते भोक पाडायला सांगितलं नसतं तर रेलिंगला चिमटा ठेवून दिवसभर ब्रश फिरला असता आणि संध्याकाळी गच्ची निर्दोष असल्याचा कागद हातात पडला असता. काल रात्री मला त्या विचाराने झोप लागली नाही.

एकूण 16 जागी मशीन वाजलं. त्यातल्या 11 पूर्वेच्या पट्ट्यात, जो सकाळी मारला होता. खडूची खूण केली आणि भिंगातून पाहिलं तेव्हा त्यातली सहा-सात दिसली, काळ्या ठिपक्यांसारखी. बाकीची भिंगातूनही नाहीत. 3 आऊटलेटजवळच्या वाट्याच्या कोपऱ्यात. संध्याकाळी मारलेल्या पश्चिमेच्या बाजूला मोकळ्या जागेत एकही नाही. उरलेल्या 2 सोलरच्या स्टँडच्या बोल्टपाशी, पण तिथे ठिणगी बोल्टच्या लोखंडावरच उडी घेते, त्यामुळे बाजूला भोक आहे की नाही हे त्याला सांगता आलं नाही.

माझ्या पंख्याच्या हुकाच्या बरोबर वर काहीच नाही. सगळ्यांत जवळचं भोक चढाच्या बाजूला चौदा फुटांवर निघालं.

टाकीभोवती त्याने दुसरं भोक पाडून पाहिलं. 7 हजारला काही नाही. खाली डांबरी शीट असल्यामुळे तेवढा भाग त्याने नकाशावर रेघा मारून "तपासता आला नाही" असं लिहून दिलं. दोन्ही मुद्दाम पाडलेली भोकं त्याने जाताना बुजवली.

---

कोबाकार (17 मे, रात्री 11:20)

ताई, तुम्ही वही काढून वेळ ताडली हे आवडलं. सकाळी पीयू मारू नये हे आम्ही अनुभवाने पाळतो, पण असं नकाशावर उमटलेलं मी पहिल्यांदाच ऐकतोय. वाट्याच्या कोपऱ्यात तीन निघाली, तेही मी म्हटलंच होतं.

तरीही माझं म्हणणं तेच आहे. 11 भोकं मशीनला सापडली, अजून काही अर्धवट असतील जी वरच्या हाताने झाकली गेली आणि उद्या उघडतील. पूर्वेच्या पट्ट्यावर आख्खा हात मारा.

---

ओळंबा (18 मे, सकाळी 8:00)

अर्धवट भोकांचं बरोबर आहे. ठिणगी फक्त आरपार गेलेलं किंवा अगदी पातळ झालेलं दाखवते. वरच्या पापुद्र्याने बंद झालेलं भोक आज वाजणार नाही.

पण आधी आख्खा हात मारला तर ही 11 भोकं पुन्हा हवा सोडतील, नव्या थरात पुन्हा भोकं पडतील. शिवाय खाली पाणी मुरलेलं आहे. वर आणखी एक हात मारून ते कोंडलं तर उन्हात फुगे येतील. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी प्रत्येक खुणेभोवती तळहाताएवढी जागा घासायची, पुसायची, आणि चारनंतर, थर निवायला लागला की, पीयूत भिजवलेल्या जाळीच्या कापडाचा तुकडा लावायचा. नुसता ठिपका देऊ नका. पूर्ण सुकलं की तेवढ्याच जागा पुन्हा ब्रशने तपासायच्या. वास असेपर्यंत ठिणगी उडवू देऊ नका, पीयूतल्या सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. त्यानंतर पूर्वेला आख्खा हात मारायचा की नाही ते ठरवा. त्यावर माझं आणि कोबाकारांचं एकमत होणार नाही असं दिसतं.

बोल्टच्या दोन जागांचं मशीनवर सोडू नका. बोल्ट काढून, खालून-वरून सील करून परत बसवा.

---

टोरांटोकर (18 मे, सायंकाळी 6:45)

टाकीभोवतीच्या भागासाठी: ओला प्रकार तिथेही खात्रीचा नाही. पीयू आणि शीट, दोन्हींतून वाट असेल तर काटा हलेल, पण नुसत्या पीयूतलं भोक सापडणार नाही. उलट, पीयूतून शिरलेलं पाणी शीटवरून सरकत शीटच्या काठाशी पोचेल आणि तिथून स्लॅबवर उतरेल. त्यामुळे शीट जिथे संपतं आणि थेट सिमेंट सुरू होतं, ती कडा बघा. तिथे पीयू दोन वेगळ्या तळांवर चिकटलंय, चीर पडायची तर तिथेच.

---

पागोळी (31 मे, रात्री 9:20)

दुरुस्ती 20 आणि 21 तारखेला झाली, चार ते साडेसहा या वेळात. आठ दिवस सुकू दिलं. परवा तो माणूस परत आला, चिमटा त्याच सळईला, आधी भोक पाडून खात्री, मग 14 खुणा. 13 शांत. एक वाजली, वाट्याच्या कोपऱ्यातली. तिथे कापडाचा तुकडा आत नीट दाबला न गेल्याने खाली पोकळी राहिली होती. तो कापून काढला आणि संध्याकाळी नवा लावला. तो सुकल्यावर तेवढ्यासाठी परत येईन म्हणाला.

सोलरचे बोल्ट काढले. एकाच्या खालच्या सिमेंटमध्ये बोट घातलं तर ओलं लागलं, मे महिन्यात.

टाकीच्या शीटच्या कडेला सासऱ्यांनी आणि मी खडूने रेघ ओढली. टोरांटोकर ताईंनी सांगितलेली चीर दक्षिणेच्या अंगाला साधारण दोन फूट दिसते, नख अडकेल एवढी. तेवढी पट्टी कापडाने झाकून घेतली आहे. पण त्या 300 फुटांच्या पोटात काय आहे ते कळलेलं नाही. शीट उखडायचं तर टाकी रिकामी करून उचलावी लागेल आणि ते या पावसाच्या आधी होत नाही. पूर्वेला आख्खा हात मारायचा की नाही यावर कमिटीत तीन विरुद्ध दोन असं झालं आणि निर्णय पावसानंतर ढकलला.

पंख्याच्या हुकाचा डबा उघडून आत कोरडा कागद घडी करून ठेवलाय, दर रविवारी बघणार. ऑगस्टमध्ये इथेच लिहीन.

---

नाना_डोंबिवली (1 जून, सकाळी 6:50)

ओळंबा, पंपाची अर्थिंगची तार तुटलेली निघाली. जोडून घेतली, ईएलसीबीही नवा बसवला. आता गच्चीचं पाणी. आमच्याकडे कोबा आणि त्यावर चायना मोझॅक आहे, वॉटरप्रूफिंग त्याच्या खाली. वरून ब्रश चालेल का?

---

ओळंबा (1 जून, सकाळी 8:10)

बरं झालं, नाना. मोझॅकवरून ब्रश चालणार नाही. कोबा पूर्ण भिजलेला असेल आणि मध्ये प्लॅस्टिक नसेल तर ओला प्रकार चालू शकतो, पण मग काटा भोक नेमकं दाखवणार नाही, चार-पाच फुटांचा टापू दाखवेल. खालचं वॉटरप्रूफिंग कशाचं आहे, शीट की सिमेंटचं? सिमेंटचं असेल तर त्यातूनही वीज जाते आणि ही पद्धत तिथे निरुपयोगी आहे. जुनं बिल सापडतंय का बघा, मग पुढे बोलू.